बिल्टी, काटा आणि पोच

1996 मध्ये बिहारचा चारा घोटाळा उघडकीस आला. त्याच्या तपासातला एक तपशील आजही लोकांच्या आठवणीत आहे. जनावरे आणि चारा वाहून नेल्याची बिले सरकारी तिजोरीतून वटवली गेली होती आणि त्या बिलांवर ट्रकचे क्रमांक रीतसर लिहिलेले होते. लेखापरीक्षक आणि तपासयंत्रणांनी ते क्रमांक परिवहन खात्याच्या नोंदवहीशी ताडले, तेव्हा त्यांतले काही चक्क स्कूटरचे, मोटारसायकलींचे आणि कारचे निघाले. स्कूटरवरून गेलेल्या जनावरांवर देशभर विनोद झाले. विनोद बाजूला ठेवला तर तपासाची ती पद्धत फार साधी होती. बिलावरचा एक आकडा घ्यायचा आणि तो बिल बनवणाऱ्याच्या हाताबाहेरच्या कागदाशी जुळतो का ते पाहायचे. मंजुरीची सही करणाऱ्या एकानेही ते केले नव्हते.

रोजच्या व्यापारात एवढी उघड लबाडी क्वचितच आढळते. वाहतूकदाराच्या बिलात चुका मात्र नेहमी असतात आणि बहुतेक वेळा त्या कुणी मुद्दाम केलेल्या नसतात. माल एका शाखेत बुक होतो, दुसऱ्या शहरात पुन्हा मोजला जातो, तिसऱ्या ठिकाणी उतरतो आणि बिल चौथ्याच ठिकाणी तयार होते. ग्राहकाशी झालेला करार बहुधा विक्री विभागाच्या फाइलमध्ये असतो. बिल बनवणाऱ्या संगणकात मात्र सगळ्या ग्राहकांसाठीचे छापील दर भरलेले असतात. बेरीज चोख असते आणि बिल चूक असते. म्हणून भाड्याच्या बिलाची तपासणी बेरजेपासून सुरू केली तर वेळ वाया जातो. आधी पाहायचे ते हे की बिलातले वजन, दर आणि पोहोचल्याची तारीख हे आकडे आले कुठून.

या साखळीतला पहिला कागद म्हणजे एलआर, बोलीभाषेत बिल्टी. रस्त्याने मालवाहतूक करणाऱ्यांसाठीचा 2007 चा कायदा मार्च 2011 पासून लागू झाला आणि 1865 चा जुना कायदा रद्द झाला. नव्या कायद्यानुसार माल देणाऱ्याने मालाचा तपशील लिहून द्यायचा आणि वाहतूकदाराने माल स्वीकारल्याची पावती द्यायची असते. नगांची संख्या, वजन, मालाची किंमत, कुठून कुठे आणि भाडे कोण देणार, एवढे त्यावर असले की पुढची तपासणी सोपी होते. प्रत्यक्षात वजनाच्या रकान्यात ‘अंदाजे’ लिहिलेले असते, किंवा तो कोराच सोडलेला असतो. मग तो रकाना नंतर वाहतूकदाराच्या गोदामात भरला जातो. पुढच्या निम्म्या भांडणांचे मूळ त्या कोऱ्या रकान्यात असते.

समजा, चाकणच्या एका कारखान्याने नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीत दिव्यांच्या प्लास्टिक आवरणांचे 20 खोके पाठवले. उदाहरण कल्पित आहे, पण त्यातली प्रत्येक चूक रोजच्या पाहण्यातली आहे. प्रत्येक खोका 60 × 45 × 40 सेंटिमीटरचा, वजन 18 किलो. म्हणजे काट्यावर एकूण 360 किलो. महिनाअखेरीस आलेल्या बिलात मात्र ‘चार्ज वेट’ 800 किलो आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही सरळ लूट वाटेल. तशी ती नसते.

सुट्या मालाच्या वाहतुकीत, म्हणजे अनेकांचा माल एकाच ट्रकमध्ये जातो तिथे, हलका पण फुगीर माल जागा अडवतो. म्हणून काट्यावरचे वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांतले जे जास्त, त्यावर भाडे लागते. आकारमानाचे वजन काढायचे तर खोक्याचे घनफूट काढून त्याला करारात ठरलेल्या किलोंनी गुणायचे. हा गुणक 6, 7, 8 किंवा 10 असू शकतो. आपल्या उदाहरणात करार 6 किलोंचा आहे. 60 × 45 × 40 म्हणजे 1,08,000 घनसेंटिमीटर. त्याला 27,000 ने भागले की 4 घनफूट, गुणिले 6 म्हणजे एका खोक्याचे 24 किलो आणि 20 खोक्यांचे 480 किलो. भाडे 480 किलोंवर लागणार हे कारखान्याने मान्य करायलाच हवे. 360 वर अडून बसण्यात अर्थ नाही. मग 800 कुठून आले? कुणीतरी 6 ऐवजी छापील दरपत्रकातला 10 चा गुणक लावला. चार घनफुटांचे 40 किलो, 20 खोक्यांचे 800. चूक एका ठिकाणी आणि एकदाच झाली, पण ती त्या ग्राहकाच्या प्रत्येक बिल्टीत उतरत राहते. ती शोधायची सोपी खूण म्हणजे बिलातल्या चार्ज वेटला काट्यावरच्या वजनाने भागून पाहायचे. एकाच मालाच्या सगळ्या बिल्ट्यांत हे गुणोत्तर सारखेच चढलेले दिसले तर गडबड गुणकात आहे. एखाद्याच बिल्टीत चढले असेल तर गडबड मोजणीत आहे.

27,000 या भाजकातही एक गंमत दडलेली आहे. एक फूट म्हणजे 30.48 सेंटिमीटर, त्यामुळे एका घनफुटात साधारण 28,317 घनसेंटिमीटर मावतात. 27,000 हा आकडा फूट म्हणजे 30 सेंटिमीटर असे सोयीने धरल्यामुळे आला आणि बाजारात रूढ झाला. त्यामुळे आकारमानाचे वजन जवळपास पाच टक्क्यांनी वाढते. करारावर 27,000 लिहून सही झाली असेल तर तक्रारीला जागा नाही. करारात नुसते ‘प्रति घनफूट 6 किलो’ असेल तर मात्र 28,317 ने भागण्याचा आग्रह धरता येतो आणि आपल्या खोक्यांचे वजन 480 ऐवजी सुमारे 458 किलो भरते.

मोजणीची चूक याहून चोरपावली येते. वाहतूकदारांच्या मोठ्या गोदामांत खोकी आता यंत्राने मोजली जातात आणि यंत्र खोक्याचा सर्वांत बाहेर आलेला बिंदू धरते. खोका ठासून भरल्याने प्रत्येक बाजू फक्त दोन सेंटिमीटर फुगली तर 60 × 45 × 40 चे 64 × 49 × 44 होते. डोळ्यांना ते जाणवतही नाही, पण घनफळ जवळपास 28 टक्क्यांनी वाढते. यंत्र खोटे बोलत नाही, खोका खरोखरच तेवढी जागा घेतो. अशा वेळी वाहतूकदाराला डेबिट नोट पाठवून काही होत नाही. बोलायचे असते ते स्वतःच्या पॅकिंग विभागाशी.

आणखी एक कलम करार करताना फारसे कुणी वाचत नाही. ‘जे वजन जास्त ते’ हा नियम प्रत्येक नगाला लावायचा की संपूर्ण बिल्टीला? एका बिल्टीत दहा जड खोकी आहेत, काट्यावर प्रत्येकी 40 किलो आणि आकारमानाने 20. सोबत दहा हलकी खोकी आहेत, काट्यावर 10 आणि आकारमानाने 30. संपूर्ण बिल्टीचा हिशेब केला तर दोन्ही वजने 500 किलोच येतात, म्हणजे भाडे 500 वर. नगागणिक हिशेब केला तर जड खोक्यांचे 400 आणि हलक्यांचे 300, मिळून 700. करार याबाबत गप्प असेल तर बिल बनवणारा कोणता हिशेब करील हे सांगायला नको.

वजनानंतर दर. आपल्या करारात चाकण ते नागपूर विभाग किलोला 9.50 रुपये दर आहे, बिल्टीमागे कागदपत्रांचे 75 रुपये आहेत आणि बुटीबोरी ‘नियमित पोहोच’ असलेल्या ठिकाणांच्या यादीत आहे. बिलात कागदपत्रांचे 100 लागले आहेत आणि ‘दुर्गम ठिकाण’ म्हणून 1,500 रुपये वेगळे. बुटीबोरी दुर्गम कशी? संगणक पिनकोड पाहतो आणि छापील यादीत तो पिनकोड नागपूर शहराच्या बाहेर पडतो, एवढेच. करारासोबतची ठिकाणांची यादी पिनकोडसकट लिहून घेतलेली असेल तर हा वाद दोन मिनिटांत संपतो. यादीत नुसतेच ‘नागपूर व परिसर’ असेल तर तो दर महिन्याला नव्याने उकरला जातो.

दरातला सर्वांत निसरडा भाग डिझेलच्या अधिभाराचा. करार करताना डिझेलचा एक पायाभूत भाव ठरतो आणि पुढे भाव जितका हलेल त्या प्रमाणात भाड्यावर टक्केवारी लागते. भाव चढला की अधिभार लगेच चढतो, उतरला की मात्र तो उतरायला वेळ लावतो. मे 2022 मध्ये केंद्र सरकारने डिझेलवरचे उत्पादन शुल्क लिटरला 6 रुपयांनी कमी केले आणि जुलैमध्ये महाराष्ट्र सरकारच्या करकपातीमुळे डिझेल आणखी 3 रुपयांनी स्वस्त झाले. दोन महिन्यांत लिटरमागे नऊ रुपयांचा उतार झाला. त्या काळातली जुनी बिले ज्यांच्याकडे असतील त्यांनी जून आणि ऑगस्टचा अधिभार शेजारी ठेवून पाहावा. करारात भाव कोणत्या शहराचा, महिन्याच्या कोणत्या तारखेचा आणि उतार झाल्यास वजावट मिळणार की नाही, हे तीन शब्द नसतील तर तपासणाऱ्याच्या हातात काहीच उरत नाही. आपल्या उदाहरणात पायाभूत भाव 90 रुपये, त्या महिन्याचा भाव 92 आणि रुपयामागे एक टक्का असे ठरले होते. म्हणजे अधिभार 2 टक्के. बिलात तो 6 टक्के आहे. डिझेल 96 वर असतानाचा आकडा कुणी बदललाच नव्हता.

आता एकत्र हिशेब. बिल म्हणते, 800 किलोंचे 7,600 रुपये, अधिभार 456, कागदपत्रे 100, दुर्गम ठिकाण 1,500, एकूण 9,656 रुपये. करार म्हणतो, 480 किलोंचे 4,560, अधिभार 91.20, कागदपत्रे 75, एकूण 4,726.20 रुपये. फरक 4,929.80 रुपयांचा आहे आणि त्यातले 3,040 रुपये फक्त गुणकामुळे आलेले आहेत. कागदपत्रांच्या 25 रुपयांवरून पत्रव्यवहार करणारे आणि चार्ज वेटचा रकाना न पाहता पुढे जाणारे हिशेबनीस कितीतरी भेटतात. कदाचित 75 आणि 100 मधला फरक डोळ्यांना दिसतो आणि 480 व 800 मधला शोधायला टेप लागते म्हणून असेल.

पूर्ण ट्रक भरून माल जातो तिथे आकारमानाचा प्रश्न नसतो, तिथे सगळे काट्यावर येते. सिमेंट, कोळसा, पोलाद, साखर अशा मालाचे भाडे टनावर असते आणि पुरावा म्हणजे काटा पावती. भरलेल्या गाडीचे वजन वजा रिकाम्या गाडीचे वजन म्हणजे माल. रिकामे वजन स्थिर असते असे सगळे धरून चालतात, पण ते हलते. टाकीत 300 लिटर डिझेल असेल तर तेच अडीचशे किलो झाले. पावसात भिजलेली ताडपत्री, गाडीत बसलेले चालक आणि क्लीनर, जादा चाक, हे सगळे त्यात येते. रिकामी गाडी टाकी कोरडी असताना तोलली आणि भरलेली टाकी फुल्ल करून, तर टाकीतल्या डिझेलचेही भाडे माल म्हणून लागते. म्हणून दोन्ही वजने एकाच काट्यावर, एकाच फेरीत घेतलेली असावीत. पावत्यांचा गठ्ठा समोर घेतला की दोन खुणा पटकन दिसतात. एकाच गाडीचे रिकामे वजन महिनाभर किलोनेही बदललेले नसेल तर ते तोललेले नाही, जुन्या नोंदीवरून टंकलेले आहे. आणि दोन वजनांमधली वेळ चार मिनिटांची असेल तर वीस टन माल चार मिनिटांत चढला कसा, हे विचारायला हवे.

गाडीची क्षमता हा तिसरा, बाहेरचा पुरावा. 2018 मध्ये केंद्राने मालवाहू गाड्यांची वजनमर्यादा वाढवली, तेव्हा तीन आसांच्या ट्रकची एकूण मर्यादा 25 टनांवरून 28.5 टन झाली. ट्रकचे स्वतःचे वजन नऊ-दहा टन धरले तर माल अठरा-एकोणीस टनांच्या आसपास बसतो. अशा गाडीच्या नावावर 24 टनांचे बिल आले तर आकडा खोटा आहे किंवा गाडी बेकायदा भरलेली होती. दुसरी शक्यता कारखान्याला अधिक महागात पडू शकते. जादा भारासाठी मोटार वाहन कायद्यात 20,000 रुपये दंड आहे, शिवाय प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये.

तिसरा कागद म्हणजे पोच. माल घेणाऱ्याची सही, शिक्का, तारीख आणि शेरा असलेली बिल्टीची प्रत. तिच्याशिवाय बिल देऊ नये हा नियम सर्वत्र लिहिलेला असतो आणि पोच जोडली आहे एवढे पाहून बिल मंजूर होते. पोच वाचायची असते. आपल्या वीस खोक्यांच्या पोचेवर बुटीबोरीच्या भांडारपालाने पेनाने लिहिले आहे, ‘19 नग ठीक, 1 नग चेपलेला’. मालाची किंमत 1,80,000 रुपये धरली तर एका खोक्याचे 9,000 झाले. भाड्यात निघालेल्या संपूर्ण फरकाच्या जवळपास दुप्पट रक्कम त्या तीन-चार शब्दांत आहे. तो शेरा पाहायला उशीर झाला तर हक्कही जातो. 2007 च्या कायद्याप्रमाणे नुकसानीसाठी दावा लावायचा तर त्याआधी, माल बुक केल्याच्या दिवसापासून 180 दिवसांच्या आत, वाहतूकदाराला लेखी नोटीस जायला हवी. दिवस बुकिंगपासून मोजायचे, बिल आल्यापासून नाही. बिले तीन महिन्यांनी येतात आणि तपासणी त्यानंतर आणखी दोन महिन्यांनी होते, तिथे मुदतीतला फारसा काळ उरत नाही.

बिनशेऱ्याची पोच नेहमी खरीच असते असे नाही. पाच वेगवेगळ्या गावांच्या पोचेवर एकच हस्ताक्षर, शिक्क्यात गावाच्या नावाची तीच अस्पष्ट बाजू, ज्या दिवशी कारखान्याला साप्ताहिक सुट्टी असते त्या दिवशीची तारीख, हे दिसले की घेणाऱ्याला फोन करावा. तारखेची पडताळणी ई-वे बिलावरूनही होते. त्यावर गाडीचा क्रमांक आणि अंतर असते, आणि साध्या मालाला दर 200 किलोमीटरमागे एक दिवसाची मुदत मिळते. चाकण ते नागपूर सुमारे 700 किलोमीटर, म्हणजे चार दिवस. सकाळी निघालेल्या मालाची त्याच संध्याकाळची पोच आली किंवा मुदत संपून आठवडा झाल्यावर आली, तर मधली हकीकत विचारायला हवी. टोलचा खर्च वेगळा मागितला असेल तर फास्टॅगचे विवरण मागावे. त्यात नाक्याचे नाव आणि वेळ असते आणि एका रकमेच्या खात्रीसाठी मागितलेला कागद संपूर्ण प्रवासाची साक्ष देऊन जातो.

गाडी उतरवून घ्यायला उशीर झाला की ‘हॉल्टिंग’ लागते. पहिले 24 किंवा 48 तास मोफत, नंतर दिवसाला ठरलेली रक्कम. पोचेवर नुसती तारीख असते, वेळ नसते, आणि सगळा वाद तिथेच होतो. कारखाना फाटकावरच्या नोंदवहीतली वेळ दाखवतो. चालक म्हणतो, ‘साहेब, गाडी आदल्या रात्रीपासून बाहेर रांगेत उभी होती.’ या वादात बऱ्याचदा चालक खरा असतो. फाटकाची नोंद गाडी आत आल्यावर होते आणि रस्त्यावरच्या रांगेची नोंद कुणाकडेच नसते. गाडीच्या जीपीएसची नोंद मागवली तर दोघांचाही प्रश्न सुटतो आणि तपासणाऱ्याने ती वाहतूकदाराच्या बाजूनेही वाचायला हवी.

हमाली आणि वाराई यांचे महाराष्ट्रात वेगळेच प्रकरण आहे. माल उतरवण्याचा खर्च कुणाचा यावर ट्रकवाले आणि व्यापारी वर्षानुवर्षे भांडत आले आहेत. 1969 च्या माथाडी कायद्याखालच्या मंडळाकडे नोंदलेल्या कामगारांनी माल उतरवला असेल तर त्याचा पैसा मंडळामार्फत जातो आणि त्याची नोंद राहते. तेव्हा बिलात ‘उतराई 2,000’ असा मोघम आकडा आला तर त्यामागची पावती मागणे रास्त आहे. तीच उतराई माल घेणाऱ्याच्याही हिशेबात आधीच लागलेली असू शकते.

दुबार बिले शोधायला बिल्टी क्रमांकांची यादी पुरते. फक्त तिथे एक सापळा आहे. पहिल्यांदा 45871 म्हणून आलेली बिल्टी तीन महिन्यांनी पुरवणी बिलात 45871-अ म्हणून येते आणि संगणकाला ती नवी वाटते. म्हणून क्रमांकासोबत बुकिंगची तारीख आणि नगसंख्याही जुळवून पाहावी. जीएसटीतही अशीच दुहेरी रक्कम जाते. अनेक वाहतूकदारांच्या बाबतीत 5 टक्के कर उलट आकारणीने भाडे देणारी नोंदणीकृत संस्था स्वतः भरते. त्याच वाहतूकदाराने बिलातही कर लावला आणि ते कुणी पाहिले नाही, तर तोच कर दोनदा दिला जातो.

फरक सापडला की संपूर्ण बिल अडवून धरण्याची पद्धत फार जुनी आहे आणि फार वाईट. बाजारात ट्रकमालकाला निघताना आगाऊ रक्कम मिळते आणि बाकी पोच आल्यावर. मोठ्या वाहतूक कंपनीचे बिल 4,929 रुपयांच्या वादावरून दोन महिने थांबले, तर झळ त्या कंपनीला फारशी लागत नाही. ती ज्याची गाडी भाड्याने घेते त्या एका ट्रकच्या मालकाची बाकी मात्र लांबते. म्हणून वाद नसलेली रक्कम, आपल्या उदाहरणात 4,726.20 रुपये, ठरल्या तारखेला द्यावी आणि फरकाची डेबिट नोट बिल्टीनिहाय, कारण लिहून पाठवावी. ‘दरात तफावत’ एवढेच लिहिलेली नोट परत येते. ‘करारातील गुणक 6, लावलेला 10, फरक 320 किलो’ असे लिहिलेली नोट सहसा परत येत नाही. चेपलेल्या खोक्याचे 9,000 रुपये मात्र भाड्यातून परस्पर कापू नयेत. तो दावा वेगळा, त्याचे कागद वेगळे आणि विमा उतरवलेला असेल तर विमा कंपनीलाही वाहतूकदाराला दिलेल्या नोटिशीची प्रत लागते.

तपासणीत कमी आकारलेली बिलेही निघतात. जड नग 360 ऐवजी 306 किलो टंकला जातो, एखादी बिल्टी यादीतून सुटते. ती सांगावी की नाही यावर हिशेब विभागांत दोन पंथ आहेत. सांगणाऱ्या पंथाच्या बाजूने एक व्यवहारी मुद्दा आहे. सुटलेली बिल्टी वाहतूकदाराला कधीतरी सापडते आणि मग ती पुढच्या आर्थिक वर्षात, पोच शोधायला कुणी जागेवर उरलेले नसताना, पुरवणी बिलात येते.